स्पर्शाने वाचायच्या आकृती आणि स्तंभालेख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दृष्टिबाधित मुलांना भूमिती शिकवणारे शिक्षक आणि पालक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न आकारांचे आहेत, पुढचे स्तंभालेखाचे. एखादी गोष्ट आधीच्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. पुठ्ठ्याचे त्रिकोण-चौकोन कापून हातात दिले की आकार कळतातच. मग कागदावर उठाव आकृती कशाला?

सुरुवात कापलेल्या आकारांनीच करा. मूल तुकडा मुठीत धरतं, फिरवतं, टोकं मोजतं. एका झटक्यात त्याला पूर्ण आकाराचा अंदाज येतो. पण भूमितीतलं काम तिथे थांबत नाही. त्रिकोणाची उंची, चौकोनाचा कर्ण, वर्तुळाची त्रिज्या या रेषा आकाराच्या आत असतात आणि कापलेल्या तुकड्यावर त्या दाखवता येत नाहीत. परीक्षेतही आकृती कागदावरच येते.

या दोन गोष्टी हाताला फार वेगळ्या लागतात, हे मात्र लक्षात ठेवा. तुकडा मुठीत मावतो, तर रेषेची आकृती बोटाला एकेक टप्पा चालून गाठावी लागते, आणि मागे काय लागलं होतं ते लक्षात ठेवत पुढे जावं लागतं. म्हणून मधली पायरी ठेवा. पुठ्ठ्याचा त्रिकोण कागदावर ठेवायचा, मुलाने त्याच्या कडेने बोट फिरवायचं, मग तुकडा उचलून तिथेच, त्याच मापाची उठाव रेष लागेल असा कागद द्यायचा. ‘ही रेष म्हणजे त्या तुकड्याची कड’ हे डोळस मुलाला कुणी शिकवावं लागत नाही. इथे ते शिकवावं लागतं.

२. आमच्याकडे कुठलंच मशीन नाही. आकृती बनवायची कशाने?

ब्रेल लिहायचा जाड कागद, खाली रबराची मॅट आणि शिवणकामात वापरतात ते दातेरी चाक एवढ्यावर बहुतेक शालेय भूमिती होते. कागद मॅटवर ठेवून चाक दाबून फिरवलं की दुसऱ्या बाजूला ठिपक्यांची रेष उठते. उठाव मागच्या बाजूला येतो, म्हणून आकृती आरशातल्यासारखी उलटी काढावी लागते. चौरसाला फरक पडत नाही. पण काटकोन डावीकडे असलेला त्रिकोण पलटल्यावर उजवीकडे जातो, आणि शिरोबिंदूंची अक्षरं आधी लिहिली असतील तर सगळंच बिघडतं. सोपा उपाय असा : आकृती साध्या कागदावर सरळ काढा, तो कागद उजेडासमोर उलटा धरून मागून दिसणारी रेष गिरवा आणि त्या गिरवलेल्या बाजूवरून चाक फिरवा.

दुसरी पद्धत म्हणजे पांढऱ्या गमाने दोरा चिकटवणे. ही सरळ बाजूनेच करता येते आणि रेष सलग लागते. दोरा वाकवताना कोपरे गोल होतात, म्हणून प्रत्येक बाजूचा तुकडा वेगळा कापून टोकाशी टोक भिडवा. गम मात्र पातळ लावा. बाहेर ओघळलेला गम वाळला की त्याची कडक धार बनते आणि बोट तिलाच रेष समजतं.

स्वेल पेपर, म्हणजे उष्णता दिल्यावर फुगणारा कागद, मिळत असेल तर काम पटकन होतं. त्यावर काळ्या शाईत छापलेला भाग जास्त उष्णता शोषतो आणि तेवढाच वर येतो. त्याची अडचण अशी की काळं ते सगळं जवळपास सारख्याच उंचीने फुगतं. महत्त्वाची रेष आणि दुय्यम रेष यांतला फरक उंचीने दाखवता येत नाही. तो जाडीने किंवा तुटक रेषेने दाखवावा लागतो.

३. पुस्तकातली आकृती जशीच्या तशी उठावदार केली, तरी मुलाला काहीच कळत नाही. असं का?

कारण ती डोळ्यांसाठी काढलेली असते. छापील आकृतीत काटकोन दाखवायला कोपऱ्यात इवलासा चौकोन असतो, समान बाजूंवर आडव्या खुणा असतात, कोनात कमान असते, रेषेला खेटून अक्षर असतं. डोळा या गोष्टी वेगळ्या काढतो. बोटाला मात्र त्या कोपऱ्यात एक गुठळी लागते.

बोटाच्या टोकाला दोन गोष्टी वेगळ्या कळायला त्यांच्यात साधारण 3 मिलिमीटर मोकळी जागा लागते. ब्रेलच्या एका अक्षरातले शेजारचे ठिपके सुमारे 2.5 मिलिमीटरवर असतात, म्हणजे तेवढ्या अंतरावर आलेली कुठलीही खूण ब्रेलचाच भाग वाटू शकते. म्हणून माझा नियम असा आहे : या प्रश्नाचं उत्तर द्यायला ही रेष लागते का? नसेल लागत, तर काढून टाका. काटकोनाची खूण उठावात देण्याऐवजी आकृतीच्या वर एका ओळीत ‘कोन ब काटकोन आहे’ असं ब्रेलमध्ये लिहा.

४. आकृती जितकी मोठी तितकी चांगली, असं धरावं का?

नाही, ही चूक फार जण करतात. आकृती दोन्ही हातांच्या आवाक्यात राहावी, म्हणजे एका हाताचं बोट एका कोपऱ्यावर टेकवून दुसरा हात पूर्ण फेरी मारून परत तिथे आला पाहिजे. टेकवलेलं बोट नसेल तर फेरी कुठे संपली हेच कळत नाही. चार बाजू मोजून झाल्या तरी मूल पाचवी, सहावी मोजत राहतं, कारण ते पहिल्याच बाजूवर पुन्हा आलेलं असतं. साध्या त्रिकोण-चौकोनाला 8 ते 12 सेंटिमीटरची बाजू मला सोयीची वाटते. आत उंची किंवा कर्ण असेल तर थोडी वाढवा. उलट एका सेंटिमीटरपेक्षा आखूड रेषा टाळा, कारण ती रेष न वाटता नुसता उंचवटा वाटते.

५. चौरस अचूक मापाने काढला आहे, तरी मुलगी त्याला आयत म्हणते. ती चुकतेय का?

तिचं बोट तिला जे सांगतंय तेच ती सांगतेय. टेबलावर ठेवलेल्या कागदावर बोट शरीरापासून दूर किंवा शरीराकडे सरकतं तेव्हा ते अंतर डावी-उजवीकडच्या तेवढ्याच अंतरापेक्षा जास्त वाटतं. हा स्पर्शाचा भ्रम आहे आणि तो डोळस माणसालाही डोळे मिटल्यावर होतो. एकदा कागद काटकोनात फिरवून बघा. मघाशी जी बाजू तिला आखूड वाटत होती तीच आता लांब वाटायला लागेल.

म्हणून बाजू समान आहेत की नाहीत हे ‘वाटण्यावर’ सोडू नका, मोजायला शिकवा. कागदाची पट्टी एका बाजूवर ठेवायची, टोकाशी घडी घालायची आणि तीच पट्टी दुसऱ्या बाजूवर धरायची. माझी एक विद्यार्थिनी पट्टीऐवजी दोऱ्याला गाठ मारायची. गाठ बरोबर कोपऱ्यावर आली की पुढच्या बाजूकडे जायची, आणि चौथ्या बाजूलाही गाठ कोपऱ्यावर आली की मगच ‘चौरस’ म्हणायची. कोन तपासायला पुठ्ठ्याचा एक काटकोनी तुकडा सोबत द्या. तो कोपऱ्यात बसवून मूल स्वतः ठरवतं.

६. टोकावर उभा केलेला चौरस मुलं ‘पतंग’ किंवा ‘वेगळाच आकार’ म्हणतात. हे कसं सोडवायचं?

आपण त्यांना प्रत्येक वेळी तळाची बाजू आडवी असलेलाच चौरस देतो, म्हणून. पुठ्ठ्याचा चौरस मुलाच्या हातात द्या आणि त्यालाच तो कागदावर तिरका ठेवायला सांगा. मग त्याच तिरकेपणाची उठाव रेष द्या. फिरवण्याची क्रिया त्याच्या हाताने झाली की आकार तोच राहतो हे पटतं. त्रिकोणाच्या बाबतीतही पहिल्या आठवड्यापासून टोक खाली असलेले, एका बाजूला कललेले त्रिकोण मिसळा. मोजायची रीत प्रश्न ५ मध्ये आहे.

७. घन आणि इष्टिकाचिती कागदावर कशी दाखवायची?

पुस्तकात घन तिरका काढतात, मागची बाजू थोडी सरकवून. बोटाला त्यात एक चौरस आणि दोन कललेले चौकोन लागतात. घनाची तर सगळी पृष्ठं चौरस असतात, मग हे कललेले कुठून आले? मुलाचा हा प्रश्न बरोबर आहे. तिरकं चित्र ही डोळ्यांची सवय आहे.

हातात खरा घन द्या आणि कागदावर त्याची घडण द्या, म्हणजे सहा चौरस एकमेकांना जोडलेले. ती जाड कागदाची असेल तर मुलाला तिची घडी घालून घन करू द्या. इष्टिकाचितीसाठी समोरून, वरून आणि बाजूने अशी तीन वेगळी दृश्यं काढा आणि प्रत्येकावर नाव लिहा.

८. स्तंभालेख पहिल्यांदा शिकवताना सुरुवात कुठून करायची?

ठोकळ्यांपासून. एकसारखे ठोकळे घ्या आणि वर्गातल्याच एखाद्या मोजणीचे मनोरे मुलांना रचू द्या. मग प्रत्येक मनोरा टेबलावर आडवा करा, सगळ्यांचं बूड एका पट्टीला टेकवून. ही पायरी गाळू नका. उभा मनोरा वर जातो आणि कागदावरचा स्तंभ शरीरापासून दूर जातो. ‘उंच’ म्हणजे ‘कागदावर लांब’ हे इथे हाताने समजतं. बूड पट्टीला टेकलं नाही तर तुलना खोटी ठरते, हेही मुलं इथेच शिकतात. त्यानंतर कागदावर या.

९. कागदावरचा स्तंभालेख नेमक्या मापांनी कसा बनवायचा?

एक पूर्ण उदाहरण घेऊ. वाचनालयातून पाच दिवसांत नेलेली पुस्तकं : सोमवार 4, मंगळवार 7, बुधवार 2, गुरुवार 6, शुक्रवार 5. एका पुस्तकाला 1.5 सेंटिमीटर असं प्रमाण धरलं, तर स्तंभांची लांबी अनुक्रमे 6, 10.5, 3, 9 आणि 7.5 सेंटिमीटर येते. उभा अक्ष 8 पर्यंत नेला की 12 सेंटिमीटरचा होतो. स्तंभाची रुंदी 1.5 आणि मधली मोकळी जागा 1 सेंटिमीटर ठेवा. अक्ष आणि पहिला स्तंभ यांच्यातही तेवढीच जागा सोडा. म्हणजे आडव्या अक्षाला 12.5 सेंटिमीटर लागतात. डावीकडे आकड्यांसाठी दोनेक सेंटिमीटर धरले तरी साध्या ए-फोर कागदावर सगळं ऐसपैस बसतं.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी ब्रेल, मग अक्ष, शेवटी स्तंभ. पुठ्ठा चिकटवल्यावर कागद ब्रेलरमध्ये जात नाही आणि पाटीतही सपाट बसत नाही. सर्वांत वर शीर्षक आणि त्याखाली ‘एक खूण म्हणजे एक पुस्तक’ ही ओळ लिहा. दिवसांची पूर्ण नावं स्तंभाखाली मावत नाहीत आणि ब्रेल उभं किंवा तिरकं लिहायचं नसतं. म्हणून सो, मं, बु, गु, शु एवढंच लिहा आणि त्यांचा अर्थ शीर्षकाखाली द्या. अक्ष दातेरी चाकाने मागून उठवा. प्रश्न २ मधला उलट-सुलटपणा इथेही लागू आहे, उभा अक्ष मागच्या बाजूने उजवीकडे काढायचा. स्तंभ पातळ पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचे कापा आणि त्यांचं बूड आडव्या अक्षाला नीट भिडवा. एकदा माझ्या हातून पट्ट्या तीन-चार मिलिमीटर वर चिकटल्या होत्या. मुलाने विचारलं, ‘हे खांब हवेत का आहेत?’ आणि प्रत्येक उत्तर किंचित जास्त सांगितलं.

आकडे लिहिताना आणखी एक चूक मी केली होती, ती सविस्तर सांगते. अक्षावरच्या खुणा मी डावीकडे, अगदी आकड्यांपर्यंत नेल्या होत्या. मुलगा खालून वर वाचू लागला : पाच, आठ, चार. तिथे खरे आकडे 1, 2, 3 होते. ब्रेलमध्ये 1 म्हणजे पहिला ठिपका, 2 म्हणजे पहिला आणि दुसरा, 3 म्हणजे पहिला आणि चौथा. माझ्या खुणेचा शेवटचा ठिपका नेमका पाचव्या ठिपक्याच्या जागी येत होता. त्यामुळे 1 चा 5 झाला, 2 चा 8 आणि 3 चा 4. त्याचं वाचन बिनचूक होतं, चूक माझ्या कागदात होती. आता मी खुणा अक्षाच्या आतच ठेवते, आकडे अक्षापासून अर्धा सेंटिमीटर लांब लिहिते आणि 2, 4, 6, 8 एवढेच लिहिते.

१०. आडव्या जाळीच्या रेषा द्याव्यात का? दिल्या तर गोंधळ होतो, नाही दिल्या तर किंमत वाचता येत नाही.

दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. स्तंभाच्या टोकापासून बोट डावीकडे अक्षापर्यंत मोकळ्या कागदावरून न्यायचं म्हटलं तर ते हमखास वर-खाली सरकतं. शुक्रवारसारखा लांबचा स्तंभ असेल तर 5 ऐवजी 4 किंवा 6 वाचला जातो.

मला सर्वांत उपयोगी पडलेली युक्ती अशी : अक्ष मागून उठवायचे आणि जाळीच्या रेषा पुढच्या बाजूने हलक्या दाबाने चाक फिरवून आत दाबायच्या. मग अक्ष उंचवट्यासारखा लागतो आणि जाळी खाचेसारखी. बोट खाचेतून सरळ जातं, पण स्तंभ आणि जाळी यांची गल्लत होत नाही. या रेषा स्तंभ चिकटवण्याआधी काढा. स्वेल पेपरवर हे करता येत नाही, तिथे जाळी बारीक आणि तुटक ठेवा. जाळी अजिबात नको असेल तर मुलाला पट्टी वापरू द्या : एक कड स्तंभाच्या टोकाला लावायची, पट्टी आडव्या अक्षाला समांतर ठेवायची आणि तिच्या कडेने अक्षापर्यंत जायचं.

११. प्रमाण ‘1 सेंटिमीटर = 10’ असेल आणि किंमत 37 असेल तर?

तर 37 आणि 38 बोटाने वेगळे कळणार नाहीत. त्यांच्यातला फरक फक्त एक मिलिमीटर आहे. कागद मोठा करून हे सुटत नाही, कारण आकृती हातांच्या आवाक्याबाहेर जाते (प्रश्न ४). प्रश्न बदला किंवा आकडे बदला. ‘30 आणि 40 च्या मध्ये, 40 च्या जवळ’ हे उत्तर ग्राह्य धरा. नेमकी किंमत हवीच असेल तर ती स्तंभाच्या टोकावर ब्रेलमध्ये लिहा. मात्र मग तो प्रश्न आलेख वाचण्याचा राहत नाही, आकडा वाचण्याचा होतो.

१२. जोडस्तंभालेख कसा करायचा? दोन स्तंभ चिकटून असतात.

दोन्हींचे पोत एकमेकांपासून लांबचे निवडा. गुळगुळीत कार्डशीट आणि सँडपेपर ही जोडी चालते. बारीक आणि मध्यम सँडपेपर चालत नाही, डोळ्यांना तो फरक दिसतो पण बोटाला दोन्ही खरखरीतच. जोडीतले दोन स्तंभ चिकटून ठेवता येतात, पण दोन जोड्यांमधली जागा दीड सेंटिमीटर तरी हवी, नाहीतर जोडी कुठे संपते ते कळत नाही. कुठला पोत कशाचा ही सूची आलेखाच्या आधी द्या, नंतर नाही. मूल वरून खाली वाचत येतं, त्यामुळे स्तंभ हाताला लागण्याआधी पोताचा अर्थ माहीत हवा. एका आलेखात तीनपेक्षा जास्त पोत लागत असतील, तर मी आलेखाचे दोन कागद करते.

१३. मुलाला थोडं दिसतं. त्याला वेगळा कागद द्यायचा का?

बहुतेक वेळा तोच कागद पुरतो, फक्त रंगाची भर घाला. फिक्या, न चमकणाऱ्या कागदावर गडद दोरा आणि गडद पट्ट्या लावा. चमकदार प्लास्टिकवर दिव्याचा झोत परततो आणि उरलेली नजरही निकामी होते. डोळा आणि बोट दोन्ही वापरू द्या, डोळे मिटायला लावू नका.

१४. परीक्षेत आकृतीसोबत वर्णन दिलं तर उत्तरच सांगितल्यासारखं होत नाही का?

वर्णनात काय लिहिता त्यावर ते आहे. ‘पाच स्तंभ आहेत, उभ्या अक्षावर 0 ते 8’ हे चालतं, कारण डोळस मुलाला कागद बघताच ते कळतं. ‘मंगळवारचा स्तंभ सर्वांत उंच आहे’ हे चालत नाही, ते शोधणं हाच प्रश्न आहे. भूमितीतही ‘चौकोन अबकड’ लिहा, ‘समांतरभुज चौकोन’ लिहू नका, जर तो ओळखायला सांगितला असेल. आणि वेळ जास्त द्या. आकृतीची एक फेरी मारायला लागणारा वेळ हा उत्तर लिहिण्याच्या वेळेतून कापला जाऊ नये.

१५. बनवलेली आकृती बरोबर आहे की नाही हे आम्ही डोळस माणसांनी कसं तपासायचं?

डोळे मिटून स्वतः हात फिरवा, पण त्यावर विश्वास ठेवू नका. तुम्ही ती आकृती पाहिली आहे, बोटाला जे लागत नाही ते तुमचं डोकं भरून काढतं. खरी तपासणी ब्रेल वाचणारी व्यक्ती करते.

तिला ‘समजलं का?’ विचारू नका, उत्तर ‘हो’च येतं. प्रश्न ९ मधल्या आलेखासाठी विचारा : किती स्तंभ आहेत, दुसऱ्या क्रमांकाचा उंच कोणता, बुधवारपेक्षा सोमवारी किती पुस्तकं जास्त. विचारल्यावर तिच्या हातांकडे बघा. बोट एकाच जागी मागे-पुढे घुटमळत असेल तर तिथे दोन गोष्टी फार जवळ आल्या आहेत. बोट रेषेवरून घसरून मोकळ्या कागदावर जात असेल तर उठाव कमी पडलाय. दोन्ही तळहात पूर्ण पानावर पुन्हा पुन्हा फिरत असतील तर सुरुवात कुठे करायची हेच सापडत नाहीये. अशा वेळी कागदाच्या वरच्या उजव्या कोपऱ्याला तिरका काप द्या, म्हणजे कागद सुलट धरला आहे की नाही ते आधी कळतं. घाईघाईने तिचा हात पकडून नेऊ नका. आपला हात कागदावर ठेवा आणि तिला तिचा हात त्यावर ठेवू द्या, म्हणजे नको वाटेल तेव्हा तिला तो काढता येतो.

१६. बनवलेल्या आकृती किती दिवस टिकतात?

दातेरी चाकाने उठवलेले ठिपके वापराने आणि वजनाने दबतात. गठ्ठा करून एकावर एक ठेवले की खालचे कागद आधी जातात. म्हणून वह्यांसारखे उभे ठेवा. दोऱ्याच्या आकृती जास्त टिकतात, फक्त टोकं सुटतात. वर्ग सुरू होण्याआधी प्रत्येक कोपऱ्यावरून अंगठा फिरवा. सुटलेलं टोक असेल तर मुलाला तिथे एक बाजू संपल्याचा भास होतो आणि त्रिकोणाला चार बाजू मोजल्या जातात.